जाहिरातीतून आलेला माणूस कुठल्या पानावर उतरतो?

गुगलवर 'सोलर पॅनल पुणे' असं टाइप केलं की निकालांच्या वरच्या काही ओळींवर 'स्पॉन्सर्ड' अशी बारीक पाटी दिसते. त्यातल्या एखाद्या ओळीवर बोट टेकलं, की कुणाच्या तरी जाहिरात-खात्यातून काही रुपये वजा होतात. बोट टेकवणाऱ्याने पुढे फोन केला, फॉर्म भरला, की पान उघडायच्या आतच तो मागे फिरला, याच्याशी त्या वजावटीला देणंघेणं नसतं. पैसे क्लिकचे असतात, आणि क्लिक झालेला असतो.

तो माणूस ज्या पानावर येऊन उतरतो त्याला लँडिंग पेज म्हणतात. छोट्या कंपनीच्या संकेतस्थळावरही अशी पाच-दहा पानं सहज असतात. एक मुखपृष्ठ, एक शहराच्या नावाचं, एक दिवाळी ऑफरच्या वेळी घाईत केलेलं, एक जुन्या एजन्सीने बनवून सोडून दिलेलं. जाहिराती या सगळ्यांकडे माणसं पाठवत राहतात. गुगल अ‍ॅड्समध्ये Landing pages नावाचा एक अहवाल असतो. त्यात पैसे देऊन आणलेली माणसं कुठल्या पत्त्यावर उतरली, त्यासाठी किती खर्च झाला आणि त्यातून किती चौकश्या आल्या, हे ओळीने मांडलेलं असतं. कुठलं पान ठेवायचं, कुठली दोन एकत्र करायची आणि कुठलं दुरुस्त करायचं, हे ठरवायला निघालेला माणूस इथूनच सुरुवात करतो. आणि बहुतेक वेळा इथेच फसतो.

फसतो कसा, ते पाहायला एक नमुना घेऊ. पुण्यात घरांच्या छपरांवर सौर पॅनल बसवणारा एक व्यवसाय. व्यवसाय कल्पित आहे आणि आकडे हिशेब समजायला सोपा जावा म्हणून घेतलेले आहेत. त्यातले खाचखळगे मात्र अशा खात्यांमध्ये रोज भेटणारे आहेत. सौरऊर्जेचं क्षेत्र निवडायला कारण आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. घरगुती छपरासाठी १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं. त्यानंतर शोधणारेही वाढले आणि जाहिरात करणारेही. शोधणाऱ्यांत खरा गिऱ्हाईक कोण आणि 'मोफत' या शब्दावर आलेला कोण, हे ओळखणं हाच या धंद्यातल्या जाहिरातीचा निम्मा खटाटोप असतो.

तीन महिन्यांचा अहवाल काढला तर त्यात एकतीस ओळी. मालकाला प्रश्न पडतो, आपली पानं तर सहाच आहेत. घोळ असा असतो:

```
https://www.example.com/rooftop-solar-pune
https://www.example.com/rooftop-solar-pune/
https://example.com/rooftop-solar-pune?utm_source=google
```

माणसाच्या डोळ्यांना हे एकच पान आहे. यंत्राला तीन वेगळे पत्ते दिसतात. शेवटची तिरकी रेघ, सुरुवातीचं www, प्रश्नचिन्हानंतरची माग काढायची शेपटी, यातलं काहीही बदललं की नवी ओळ तयार होते. एकाच पानाचे क्लिक असे पाच ओळींत विखुरले की प्रत्येक ओळ किरकोळ वाटते आणि 'या पानावर फारसं कुणी येत नाही' असा समज होतो. म्हणून पहिलं काम अगदीच रटाळ आहे. अहवाल एक्सेलमध्ये घ्यायचा, प्रश्नचिन्हापासून पुढचं कापायचं, www आणि शेवटची रेघ सगळीकडे सारखी करायची आणि बेरजा मारायच्या. एकतीस ओळींच्या सहा होतात.

त्या सहांतली एक ओळ मजेशीर निघते. `/careers`, म्हणजे नोकरीसाठी अर्ज करायचं पान. जाहिरात या पानाची कुणीच दिलेली नव्हती. पण गुगलच्या 'परफॉर्मन्स मॅक्स' मोहिमांमध्ये अशी सोय आहे, की दिलेल्या पत्त्याऐवजी संकेतस्थळावरचं दुसरं एखादं पान शोधणाऱ्याला जास्त लागू पडेल असं वाटलं, तर यंत्रणा माणूस तिकडे उतरवते. ही सोय चालू राहिली होती. त्या पानावर सत्तर क्लिक गेले आणि अकरा 'चौकश्या' आल्या. टक्केवारीत पाहिलं तर सगळ्या संकेतस्थळात हे पान पहिलं! संपर्काचा आणि अर्जाचा फॉर्म एकच असल्यामुळे, 'इलेक्ट्रिशियनची जागा आहे का' असं विचारणारे अकरा जण गिऱ्हाईक म्हणून मोजले गेले. इथे कुठलंही संख्याशास्त्र लागत नाही. मोहिमेच्या सेटिंगमध्ये जाऊन ते पान वगळलेल्या पत्त्यांच्या यादीत टाकायचं आणि पुढे जायचं.

उरली पाच पानं. तीन महिन्यांचा हिशेब असा:

| पान | क्लिक | खर्च (रु.) | चौकश्या | एका चौकशीचा खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|
| मुखपृष्ठ | १,५०० | ३०,००० | १२० | २५० |
| पुणे रूफटॉप | २,४०० | १,०८,००० | ९६ | १,१२५ |
| अनुदान माहिती | १,६०० | ४०,००० | ११२ | ३५७ |
| ३ किलोवॉट किंमत | ४०० | १८,००० | १४ | १,२८६ |
| सोसायटी सोलर | ३०० | १८,००० | ६ | ३,००० |

हा तक्ता कुणाच्याही हातात दिला तरी निर्णय पाच मिनिटांत होतो. मुखपृष्ठ उत्तम, सगळा ओघ तिकडे वळवा. अनुदानाचं पान छान, त्याचं बजेट वाढवा. सोसायटीचं बंद करा, एका चौकशीला तीन हजार म्हणजे काय! मालकही नेमकं हेच म्हणतो. जाहिराती सांभाळणारी बाई मात्र म्हणते, "सर, दोन दिवस थांबा. हा निकाल पानांचा नाही, माणसांचा आहे."

तिचं म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे. शहरातला एखादा क्लास दहावीत नव्वद टक्क्यांच्या वरच्याच मुलांना प्रवेश देतो आणि बारावीला शंभर टक्के निकाल लावतो. त्यावरून तिथले शिक्षक महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांपेक्षा चांगले ठरत नाहीत, कारण आत आलेली मुलंच वेगळी होती. पानांचंही तसंच आहे. अहवालातल्या प्रत्येक ओळीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: कोण आलं, आणि आल्यावर पानाने काय केलं. टक्केवारीत हे दोन्ही एकच होऊन बसतात. पानाबद्दल काही बोलायचं असेल तर आधी ते सुटे करावे लागतात.

सुटे करायची रीत अवघड नाही. त्याच अहवालात कुठल्या मोहिमेतून, कुठल्या जाहिरात-गटातून माणूस आला, हे प्रत्येक पानापुढे पाडून पाहता येतं. मुखपृष्ठाचे पंधराशे क्लिक असे पाडले तेव्हा कळलं, की त्यातले अकराशे जण कंपनीचं नावच टाइप करून आले होते. शेजाऱ्याच्या छपरावर पाटी पाहिलेली, मेव्हण्याने नंबरऐवजी नाव सांगितलेलं, अशी ही मंडळी. ती ठरवूनच आलेली असतात. समोर कसंही पान ठेवलं तरी फोन नंबर शोधून काढतात. या अकराशे जणांकडून ११२ चौकश्या आल्या आणि नावाचा शोध स्वस्त असल्याने खर्च जेमतेम बारा हजार झाला. उरलेले चारशे जण 'सोलर पॅनल पुणे' यांसारखे सर्वसाधारण शब्द टाकून आले होते. त्यांच्यावर अठरा हजार खर्च झाले आणि चौकश्या आल्या फक्त आठ. शेकडा दोन.

आता याच सर्वसाधारण शब्दांवरून आलेली माणसं पुणे रूफटॉपच्या पानावर उतरली, तेव्हा शेकडा चारांनी चौकशी केली होती. म्हणजे सारख्याच माणसांसमोर ठेवल्यावर 'उत्तम' मुखपृष्ठ निम्म्याने कमी पडलं. एका चौकशीचा खर्च तिथे २,२५० रुपये, इथे १,१२५. पहिल्या तक्त्यात तिसऱ्या नंबरची वाटणारी टक्केवारी इथे बाजी मारून जाते. पाच मिनिटांतला निर्णय अमलात आला असता, तर पुणे पानावरचा ओघ त्याच्याहून कमजोर पानाकडे वळला असता, आणि पुढच्या तिमाहीत चौकश्या का घटल्या याचं कारण शोधायला सगळे बाजाराकडे बोट दाखवत बसले असते. निर्णय नेमका उलट झाला. मुखपृष्ठ फक्त नावाने शोधणाऱ्यांसाठी ठेवायचं आणि त्या चारशेंना पुणे पानावर पाठवायचं.

गुगल प्रत्येक कीवर्डला एक ते दहा असा क्वालिटी स्कोअर देतं आणि त्यात लँडिंग पेजच्या अनुभवाचा वेगळा शेराही असतो: सरासरीपेक्षा चांगला, सरासरी किंवा कमी. बरेच जण हा शेरा म्हणजे पानाचं प्रगतिपुस्तक समजतात. तो कीवर्डचा असतो. एकच पान एका कीवर्डसाठी 'चांगलं' आणि दुसऱ्यासाठी 'कमी' असू शकतं, त्यामुळे त्याची सरासरी काढून पानाला गुण देण्यात अर्थ नाही.

यानंतरचा प्रश्न चौकशीच्या पुढचा. अनुदानाच्या पानावर ११२ चौकश्या आल्या खऱ्या, पण चौकशीने छपरावर पॅनल बसत नाही. या धंद्यात चौकशीनंतर फोन होतो, मग माणूस घरी जाऊन छप्पर पाहून मोजमाप घेतो, मग दर दिला जातो आणि त्यातून काही ऑर्डरी होतात. जाहिरात-अहवालाला यातलं फक्त पहिलं पाऊल दिसतं. पुढची पावलं ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये असतात, नाहीतर फोन करणाऱ्या मुलीच्या एक्सेलमध्ये. दोन्ही जोडायचे तर फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना ठेवावा लागतो. माणूस कुठल्या पानावर उतरला तो पत्ता आणि गुगल प्रत्येक क्लिकला चिकटवतं तो gclid हा क्रमांक, दोन्ही त्यात आपोआप उतरतात. मग रजिस्टरमधल्या प्रत्येक नावापुढे पान लिहिलेलं मिळतं.

ते जोडल्यावर चित्र बदललं. अनुदानाच्या पानावरच्या ११२ जणांपैकी मोजमापापर्यंत गेले नऊ. पुणे पानावरच्या ९६पैकी एकतीस. एका मोजमाप-भेटीचा खर्च अनुदानाच्या पानावर साडेचार हजारांच्या जवळ, पुणे पानावर साडेतीन हजार. 'स्वस्त' पान महाग निघालं. फोनच्या नोंदी वाचल्या तर कारणही स्पष्ट आहे: भाड्याने राहणारे, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे, दुसऱ्या जिल्ह्यातले, फक्त सरकारी पोर्टलवरचा अर्ज कसा भरायचा हे विचारणारे. पान वाईट नाही. त्यात अनुदानाची माहिती उत्तम लिहिलेली आहे, आणि माहिती घ्यायला माणसं येतात.

सोसायटीच्या पानाची गोष्ट याच्या उलट. तीनशे क्लिकांत सहा चौकश्या. आकडा इतका लहान आहे, की त्या पानाची खरी टक्केवारी एकपासून चारपर्यंत कुठेही असू शकते. तीनशे क्लिकांवरून याहून जास्त बोलता येत नाही. पण सहांतले चार मोजमापापर्यंत गेले. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं सामाईक बिल असतं, आणि योजनेत अशा सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एक सोसायटी म्हणजे वीस-तीस किलोवॉटचं काम, म्हणजे घरगुती आठ-दहा ऑर्डरींएवढं. अशा ठिकाणी एका चौकशीला तीन हजार जास्त म्हणायचे की कमी?

आणखी एक गोष्ट अहवालात दिसूच शकत नाही. सोसायटीत खर्चाचा निर्णय सेक्रेटरी एकटा घेत नाही. समितीपुढे विषय जातो, तीन ठिकाणचे दर मागवले जातात, सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि तिथे कुणीतरी 'आधी गळती काढा' म्हणून उठतोच. क्लिकपासून ऑर्डरीपर्यंत चार-पाच महिने सहज जातात. गुगल अ‍ॅड्समध्ये क्लिकनंतर जास्तीत जास्त नव्वद दिवसांतला व्यवहारच त्या क्लिकच्या खात्यावर मांडता येतो. शंभराव्या दिवशी आलेली ऑर्डर या अहवालाच्या लेखी झालेलीच नाही. त्यात सेक्रेटरी मंडळींची फॉर्म भरायची तयारी कमीच. पानावरचा नंबर डायरीत उतरवून घेतात आणि रविवारी फोन करतात. असं पान चौकशीच्या टक्केवारीवर बंद करणं म्हणजे निव्वळ अन्याय. ते ठेवायचं आणि त्याचा हिशेब वर्षाने करायचा.

हीच उशिराची अडचण छोट्या प्रमाणात सगळ्याच पानांना असते. गुगल अ‍ॅड्स चौकशीची नोंद ती आली त्या तारखेला न करता, ज्या दिवशी क्लिक झाला त्या तारखेला करतं. त्यामुळे अहवालातले शेवटचे आठ-दहा दिवस नेहमी कोरडे वाटतात, कारण त्या क्लिकांच्या चौकश्या अजून यायच्याच असतात. नवं पान महिनाअखेरीस सुरू केलं आणि लगेच जुन्याशी तुलना केली, तर नवं हमखास हरतं. शेवटचे दोन आठवडे सोडून तुलना केली की हा दोष बराचसा जातो.

पुणे पान आणि '३ किलोवॉट किंमत' ही जोडी सोपी होती. दोन्हींवर एकाच प्रकारचे शब्द टाकून आलेली माणसं, मजकूर जवळपास तोच, फक्त दुसऱ्यावर किमतीचा तक्ता जास्त. शेकडा चार आणि शेकडा साडेतीन. चारशे क्लिकांत अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे दोन चौकश्या. तेवढा फरक एका पावसाळी आठवड्यानेही पडतो. दोन जुळ्या पानांवर दर, फोटो आणि अनुदानाचे आकडे वेगवेगळे अद्ययावत ठेवायचे, आणि एकावर जुना दर राहून गेला की गिऱ्हाईकाशी हुज्जत घालायची, यापेक्षा एकत्र केलेलं बरं. किमतीचा तक्ता पुणे पानावर आणायचा आणि दुसरं पान मिटवायचं.

पण मिटवण्याचाही क्रम असतो, आणि खरी मोडतोड इथेच होते. घाईत पान काढून टाकलं की जुन्या जाहिरातींवरचे क्लिक 'पान सापडले नाही' या पाटीवर जाऊन आदळतात, पैसे मात्र जात राहतात. म्हणून आधी जाहिरातींमधला पत्ता बदलायचा. पत्ता बदललेली जाहिरात पुन्हा तपासणीला जाते, ती मंजूर होईपर्यंत जुनं पान चालूच ठेवायचं. जाहिरातीखाली 'किंमत पाहा', 'संपर्क' अशा ज्या छोट्या दुव्यांच्या ओळी असतात, त्या वेगळ्या ठिकाणी भरलेल्या असतात आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. तिथलेही पत्ते बदलायचे. जाहिरातीशिवाय, साध्या शोधातून त्या पानावर किती माणसं येतात हे सर्च कन्सोलमध्ये पाहून घ्यायचं. आणि शेवटी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, बसवायचं.

त्या वळणावर gclid गळून पडतो का, हे तपासणं सर्वांत महत्त्वाचं. गळला तर माणूस पानावर पोचतो, चौकशीही करतो, पण ती कुठल्या क्लिकची हे गुगलला कळत नाही. अहवालात नवं पान विनाकारण नापास होतं. तपासायला ब्राउझरमध्ये जुना पत्ता असा टाकायचा:

```
https://www.example.com/3kw-price?gclid=TeSter-123
```

नवं पान उघडल्यावर वरच्या पट्टीत ती शेपटी तशीच दिसली, तर वळण बरोबर आहे. नाहीशी झाली, तर संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला फोन करायचा.

आता राहिली दुरुस्ती. पुणे पान जिंकलं असलं तरी त्यात एक गळती होती आणि ती सापडली ती दोन अहवाल शेजारी ठेवल्यावर. गुगल अ‍ॅड्स क्लिक मोजतं, तर गुगल अ‍ॅनॅलिटिक्स पान उघडून त्यातली मोजणीची चकती चालल्यावर भेट मोजतं. दोन्ही आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. कुणी चुकून दोनदा दाबतं, कुणी मोजणी अडवणारा ब्राउझर वापरतं. इतर पानांवर ही तूट शंभरामागे बाराच्या आसपास होती. पुणे पानावर मोबाइलवरून आलेले १,९२० क्लिक होते आणि भेटी नोंदल्या होत्या १,३४०. शंभरातले तीस जण पान दिसायच्या आत नाहीसे झाले होते. डेस्कटॉपवर त्याच पानाची तूट नेहमीसारखीच होती. म्हणजे दोष मजकुरात शोधून उपयोग नव्हता, कारण या माणसांनी मजकूर पाहिलाच नव्हता.

मोबाइल डेटावर पान उघडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. सगळ्यात वर छपराचा कॅमेऱ्यातून थेट चढवलेला चार एमबीचा फोटो, त्याखाली आपोआप सुरू होणारी चित्रफीत, आणि कोपऱ्यात चॅटची खिडकी. गुगल पानाच्या वेगासाठी जी मापं वापरतं त्यातलं एक म्हणजे एलसीपी: पडद्यावरची सर्वांत मोठी गोष्ट दिसायला लागणारा वेळ. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींमध्ये तो अडीच सेकंदांच्या आत असला तर चांगला मानतात. इथे तो सहा सेकंदांच्या जवळ होता. फोटो लहान केला, चित्रफीत दाबल्यावरच सुरू होईल अशी केली, चॅटची खिडकी उशिरा येईल असं केलं.

वेगाने विक्री वाढते हे सगळेच म्हणतात, पण त्याचा नीट घेतलेला एक पुरावा आहे. व्होडाफोनने इटलीमध्ये एकाच लँडिंग पेजच्या दिसायला अगदी सारख्या दोन आवृत्त्या केल्या, एक जुनी आणि एक वेगवान, आणि पैसे देऊन आणलेला ओघ दोन्हींवर निम्मा-निम्मा सोडला. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वेगवान आवृत्तीचा एलसीपी ३१ टक्क्यांनी सुधारला होता आणि तिच्यावरची विक्री ८ टक्क्यांनी जास्त होती. या चाचणीचं मोल निम्म्या-निम्म्या वाटणीत आहे. माणसं सारखीच, दिवस सारखेच, दर सारखेच, फरक फक्त पानाचा. तिमाही अहवालात जे सुटं करायला धडपडावं लागतं, ते इथे आधीच सुटं झालेलं असतं.

गुगल अ‍ॅड्सच्या प्रयोग-सोयीतून अशी वाटणी छोट्या व्यवसायालाही करता येते. अडचण असते ती माणसांच्या संख्येची. चौकशीचं प्रमाण शेकडा चारवरून पाचवर गेलं की नाही, हे भरवशाने सांगायला दोन्ही बाजूंना साधारण साडेसहा-सात हजार क्लिक लागतात. आपल्या नमुन्यातल्या पुणे पानाला, मिटवलेलं पान धरून, तिमाहीत अठ्ठावीसशे क्लिक मिळतात. म्हणजे एकच प्रयोग वर्षभराहून जास्त चालणार. बटणाचा रंग हिरवा की केशरी, असल्या प्रयोगांवर अशा धंद्याने वेळ घालवू नये. मोबाइलवरच्या गळतीसारखा मोठा दोष असेल तर प्रयोगाशिवाय सरळ दुरुस्त करावा आणि क्लिक-भेटीतली तूट तीसवरून बारा-पंधरावर आली का एवढंच पाहावं. ते दोन आठवड्यांत दिसतं. परत आलेल्या सगळ्यांकडून मात्र पूर्वीच्याच प्रमाणात चौकश्या येतील असं धरू नये. तीन सेकंदांत सोडून गेलेल्यांत उत्सुकतेने आलेले जसे असतात, तसे सहज डोकावलेलेही असतातच.

अनुदानाच्या पानावर सगळ्यात जास्त वाद झाला. मालकाला ते बंद करायचं होतं. जाहिरातवाल्या बाईचं म्हणणं असं, की पानाने माहिती द्यावी पण फॉर्मच्या आधी तीन प्रश्न विचारावेत: छप्पर तुमच्या मालकीचं आहे का, महावितरणचं महिन्याचं बिल साधारण किती येतं, आणि घर कुठल्या तालुक्यात आहे. भाडेकरूला आणि लांबच्या माणसाला तिथेच सरकारी पोर्टलचा पत्ता द्यायचा. चौकश्या ११२वरून निम्म्यावर येतील, अहवालात पान पूर्वीपेक्षा वाईट दिसेल, आणि तरी ते सुधारलेलं असेल. मोजमाप-भेटी तिमाहीला नऊच असल्याने त्या वाढल्या की घटल्या हे लवकर कळणार नाही; पण चौकशी केलेल्या शंभरातले किती जण मोजमापापर्यंत पोचतात, ते प्रमाण आठवरून पंधरा-वीसपर्यंत चढलं तर एका तिमाहीत नजरेला येईल. मालक तयार झाला, मात्र एका अटीवर. फोन करणाऱ्या मुलीचे सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांशी बोलण्यात जाणारे तासही आता त्या रजिस्टरमध्ये लिहायचे.